सात कार्डांत पाच राजे-राण्या

"ताई, आमच्या नात्यासाठी मी स्वतःच टॅरोच्या सात कार्डांचा स्प्रेड मांडला. त्यात पाच कोर्ट कार्ड आली. अडथळ्याच्या जागी क्वीन ऑफ सोर्ड्स आहे. म्हणजे त्याच्या आयुष्यात दुसरी कुणी आहे का? आणि बाकीचे चौघं कोण?"

हा मेसेज नौपाड्यात राहणाऱ्या, एकतिशीच्या एका मुलीचा. तिच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहिते आहे. तो घणसोलीला राहतो. दोन वर्षांची ओळख, पण गेले चार महिने लग्नाचा विषय निघाला की तो "बघू" म्हणून उठतो. मी तिला मांडलेल्या कार्डांचा फोटो घेऊन घरी बोलावलं.

टॅरोच्या 78 कार्डांत माणसांची चित्रं असलेली कोर्ट कार्ड 16 असतात: वाँड्स, कप्स, सोर्ड्स आणि पेंटॅकल्स या चार सूटचे प्रत्येकी पेज, नाइट, क्वीन आणि किंग. म्हणजे सात काढली तर एखाद-दुसरं येणं साहजिक. पाच आली की माणूस बिचकतोच. तिने पाचही कार्डांना माणसं करून टाकलं होतं. क्वीन ऑफ सोर्ड्स ही त्याच्या ऑफिसमधली कुणीतरी, पेज ऑफ सोर्ड्स ही तिची चुगलखोर मैत्रीण, नाइट ऑफ कप्स हा तिच्याच आयुष्यात येऊ घातलेला नवा मुलगा. एवढी गर्दी ठाणे स्टेशनच्या दहा नंबर प्लॅटफॉर्मवर असते, नात्यात नसते.

माणसं ओळखायची जुनी युक्ती आपल्याकडे चालत नाही, हे आधीच सांगते. युरोपातल्या जुन्या पुस्तकांत वाँड्सची माणसं गोरी, पिंगट केसांची, पेंटॅकल्सची सावळी, काळ्या केसांची, असं दिलेलं असतं. त्या हिशेबाने अख्खं ठाणं पेंटॅकल्समध्ये जाईल. राशीवरून ओळखायला जावं तर आपण सांगतो ती चंद्ररास आणि पुस्तकाला हवी असते सूर्यरास. तिने त्याची रास कर्क सांगितली आणि त्यावरून त्याला कप्समध्ये बसवलं होतं. जन्मतारखेवरून पाहिलं तर सूर्यरास मकर निघाली, म्हणजे पेंटॅकल्स.

मी आधी कार्ड बघत नाही, जागा बघते. तिच्या सात जागा अशा होत्या: मी, तो, आमच्यातला दुवा, अडथळा, बाहेरचा प्रभाव, सल्ला आणि पुढचा कल. 'मी' आणि 'तो' या जागांवरची माणसं ठरलेलीच आहेत, तिथे नवीन माणूस यायला वावच नाही. तिथलं कोर्ट कार्ड त्या माणसाची मनःस्थिती किंवा वागण्याची तऱ्हा सांगतं. सल्ल्याच्या जागी तर माणूस येऊच शकत नाही, कारण 'काय करू?' याचं उत्तर 'अमुक मुलगा' असं कसं असेल? खरी अडचण फक्त अडथळा आणि बाहेरचा प्रभाव या दोन जागांची.

मग मी प्रत्येक कार्ड तीन वाक्यांत घालून बघायला सांगते. "अशी एक व्यक्ती आहे." "मला किंवा त्याला असं वाटतंय." "मी किंवा तो असं वागतोय." ज्या वाक्याला गेल्या महिन्यातला एक तरी प्रत्यक्ष प्रसंग जोडता येतो, ते वाक्य ठेवायचं. प्रसंग नसेल तर कार्ड कोरं सोडायचं. कोरं सोडणं लोकांना जड जातं, पण तेच करावं लागतं.

'मी'च्या जागी पेज ऑफ सोर्ड्स. 1909 च्या राइडर-वेट डेकमध्ये पामेला कोलमन स्मिथने काढलेलं हे चित्र नीट बघा. तलवार दोन्ही हातांत उगारलेली, मान मात्र भलतीकडे वळलेली, केस वाऱ्यावर उडताहेत. वार कुठून येईल याची चाहूल घेत उभा असलेला पोरगा. मी विचारलं, "यातलं तुझं काय?" ती जरा थांबली. म्हणाली, "ऐरोलीहून परत येताना गाडीत त्याचं लास्ट सीन बघत बसते. रोज." चुगलखोर मैत्रीण तिथेच गळाली, हे कार्ड तिची मनःस्थिती निघालं.

'तो'च्या जागी नाइट ऑफ पेंटॅकल्स. चारही नाइट्समध्ये याचाच घोडा पूर्ण उभा आहे, मागे नांगरलेलं शेत. तो पळालेला नाही, थांबलाय. ही त्याची तऱ्हा. का थांबलाय, ते हे एकटं कार्ड सांगत नाही.

ते बाहेरच्या प्रभावाच्या जागी सापडलं. तिथे किंग ऑफ पेंटॅकल्स होता. तिने त्याचे वडील धरले होते, पण प्रसंग आठवेना. ते निवृत्त आहेत, कशातच पडत नाहीत. मी म्हटलं, "पुरुष शोधू नकोस. पैशाचा शब्द कुणाचा चालतो ते सांग." ती लगेच म्हणाली, "त्याच्या ताईचा. घणसोलीच्या फ्लॅटचं डाउन पेमेंट तिनेच भरलंय." हे कार्ड माणूस निघालं, तेही बाई. किंग म्हणजे पुरुषच, हा समज फार रीडिंग बिघडवतो.

आता क्वीन ऑफ सोर्ड्स. इथे मी सावध असते, कारण एकदा चुकले आहे. एका मुलीच्या स्प्रेडमध्ये अडथळ्याच्या जागी आलेली क्वीन ऑफ कप्स मी "तुझाच हळवेपणा" म्हणून उडवून लावली होती. ती त्या मुलाची आई होती, जेवणाच्या डब्यापासून सगळ्यात असलेली. तेव्हापासून अडथळ्याच्या जागी माणूस आहे का, हे मी आधी विचारते.

"ऑफिसमधल्या त्या बाईबद्दल तुला नक्की काय माहीत आहे?"

"त्याने दोनदा नाव घेतलं. बस, इतकंच."

एवढ्यावर मी कुणालाही खुर्चीत बसवत नाही. आणि खरं सांगायचं तर दुसरी कुणी आहे की नाही, हे कार्डांवरून कळत नाही. मी तिला एवढंच दाखवलं की सोर्ड्सची दोन कोर्ट कार्ड आहेत आणि त्यातलं एक तिच्या स्वतःच्या जागेवर आहे. एकाच सूटचे पेज आणि क्वीन एका स्प्रेडमध्ये आले की ती बरेचदा एकाच माणसाची दोन रूपं असतात. आत चाहूल घेणारा पेज, आणि समोर बसून हिशेब मागणारी क्वीन. "गेल्या रविवारी काय बोललीस?" "कुठे होतास, कुणाबरोबर होतास, मग फोन का उचलला नाहीस," तिने स्वतःच पाढा म्हटला आणि गप्प झाली.

तिची आणखी एक चूक सांगायला हवी. क्वीनचा अर्थ लागेना म्हणून तिने तिच्यावर तीन जादा कार्ड काढली होती. त्यात क्वीन ऑफ वाँड्स आली आणि संशयितांमध्ये अजून एक बाई वाढली. उलगड्यासाठी जास्तीत जास्त एक कार्ड काढावं. तेही कोर्ट निघालं तर डेक मिटवून चहा टाकावा.

सल्ल्याच्या जागी नाइट ऑफ कप्स. घोडा सावकाश पाऊल टाकतोय, हातात पेला पुढे धरलेला. देण्यासाठी निघालेला माणूस. मी म्हटलं, "या वेळी प्रश्न एकही विचारायचा नाही. तुला काय हवंय ते तू सांगायचं, आणि थांबायचं."

उरलेली दोन साधी होती. दुव्याच्या जागी सिक्स ऑफ कप्स, जुना जिव्हाळा. पुढच्या कलाच्या जागी सेव्हन ऑफ पेंटॅकल्स, कुदळीवर रेलून पीक न्याहाळणारा शेतकरी. यात हो-नाही काही नाही, वाट बघणं आहे.

पंधरा दिवसांनी तिचा फोन आला. तलावपाळीवर बसून तिने सांगितलं होतं की तिला पुढच्या वर्षी लग्न करायचंय, त्याच्याशीच. तो बराच वेळ पाण्याकडे बघत राहिला आणि मग बोलला. ताईचे पैसे फेडल्याशिवाय लग्नाचा खर्च काढायचा नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं आणि ते सांगायची लाज वाटत होती. किती उरलेत, हा आकडा मात्र त्याने अजून सांगितलेला नाही.

"विचारू का?" ती म्हणाली.

"विचार," मी म्हटलं. "पण ताईंच्या समोर."