‘पर्यंत’ म्हणजे बाय की अन्टिल?
इंग्रजी मेलमध्ये तू ‘पर्यंत’साठी सरसकट ‘अन्टिल’ टाकतोस, घोळ तिथेच होतो. ‘सहापर्यंत पोहोच’ आणि ‘सहापर्यंत थांब’ यांत आपला शब्द एकच. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय’, दुसऱ्याला ‘अन्टिल’. मी एकदा भिवंडीच्या गोदामात कळवलं, ‘बी ॲट द गेट अन्टिल सिक्स’. मला माणूस सहाच्या आत हजर हवा होता. तो बिचारा दुपारपासून थांबला आणि सहाला कुलूप लावून गेला. कुर्ल्याहून निघालेला आमचा टेम्पो सव्वासहाला पोहोचला. तेव्हापासून आधी क्रियापद बघतो. पाठवणं, भरणं एकदाच होतं, तिथे ‘बाय’. थांबणं, उघडं ठेवणं चालू राहतं, तिथे ‘अन्टिल’. ‘बी’ मात्र दोन्हींबरोबर चालतं, म्हणून चूक दिसतच नाही. त्याऐवजी ‘रीच’ किंवा ‘स्टे’ लिही.