पावाचं पीठ फुगतं म्हणजे आत नेमकं काय होतं?

प्रश्न: मी रत्नागिरीत राहते. रेसिपीप्रमाणे यीस्ट घालून पीठ दीड तास ठेवलं, छान दुपटीच्या वर फुगलं. पाव वळून पुन्हा तासभर ठेवले. पण भाजताना ते बसले, वास आंबूस आला आणि वरून रंगही धरला नाही. यीस्ट खराब होतं का? मुळात यीस्ट पिठात करतं तरी काय?

उत्तर:

यीस्ट अजिबात खराब नव्हतं. त्याने काम जरा जास्तच केलं.

आमचं घर वेंगुर्ल्याकडचं आणि मामाची छोटी बेकरी होती. शाळेच्या सुट्टीत मी तिथे ट्रे पुसायला असायचो. मे महिन्यात एकदा भट्टी तापायला उशीर झाला आणि वळलेले पाव तसेच पडून राहिले. मामाने एकावर बोट टेकवलं, खळगा पडला तो पडलाच. म्हणाला, "ह्या पीठ म्हातारा झाला." ते पाव तुमच्यासारखेच भट्टीत बसले.

यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. आपल्याकडे ती समजून घ्यायला माडीसारखं उदाहरण नाही. सकाळी माडावरून उतरवलेला रस गोड असतो, दुपारपर्यंत त्याला फेस येतो आणि संध्याकाळी तो चढायला लागतो. हवेतलं, मडक्यातलं यीस्ट त्या रसातली साखर खातं आणि तिचे दोन पदार्थ करतं: अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड वायू. माडीत वायू फेसावाटे उडून जातो, अल्कोहोल राहतं. पावात नेमकं उलटं आपल्याला हवं असतं. वायू अडवायचा आणि अल्कोहोल भट्टीत उडवून टाकायचं. गोव्यात आणि इकडेही पूर्वी पावाला माडीच घालायचे, ते याचमुळे.

आता तुम्ही म्हणाल, मैद्यात साखर कुठे आहे? थोडीशी असते. बाकीचं काम मैद्यातलीच विकरं करतात. पाणी लागलं की ती दळताना फुटलेल्या स्टार्चचे तुकडे करून माल्टोज नावाची साखर सोडत राहतात. म्हणून बिनसाखरेचं पीठही फुगतं, फक्त सुरुवात जरा संथ होते.

साखर लागते तरी किती, याचा हिशोब करून बघा. एक ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर जवळपास अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो. आपल्या हवेच्या तापमानाला त्याचं आकारमान पाव लिटरपेक्षा थोडं जास्त भरतं. अर्धा किलो मैद्याचा मळलेला गोळा साधारण पाऊण लिटर जागा घेतो, म्हणजे तो दुप्पट व्हायला पाऊण लिटर वायू हवा. त्याला तीन ग्रॅम साखर पुरते. थोडा वायू पाण्यात विरघळतो, थोडा निसटतो, तरी लहान चमचाभर साखरेत काम भागतं. तेव्हा पीठ फुगलं नाही की साखर वाढवायची, या सल्ल्यात फारसा अर्थ नाही.

पण वायू तयार झाला म्हणजे पीठ फुगलं असं नाही. तांदळाच्या पिठात यीस्ट घालून ठेवा, वायू होईल, पण वर येऊन फुटून जाईल. मैद्यात ग्लुटेन असतं. गव्हातली दोन प्रथिनं पाण्यात भिजून आणि मळण्याने एकमेकांत गुंततात आणि रबरासारखं जाळं बनतं. मळलेल्या पिठाचा छोटा तुकडा बोटांनी हळूहळू ताणा. पलीकडचा उजेड दिसेल इतका पातळ पडदा न फाटता झाला, तर जाळं तयार आहे.

याहून गंमत म्हणजे पिठातले बुडबुडे यीस्ट बनवतच नाही. ते तुमचे हात बनवतात. मळताना पिठात हवेचे अतिसूक्ष्म कण अडकतात. यीस्टमधून निघालेला वायू आधी पिठातल्या पाण्यात विरघळतो, आणि पाणी भरलं की आधीच असलेल्या या कणांत शिरून त्यांना फुगवतो. नवा बुडबुडा शून्यातून उभा करणं वायूला फार जड जातं. म्हणून ज्या पावाचं पीठ नीट मळलेलं नसतं, त्यात मोजकीच मोठी भोकं पडतात आणि बाकीचा भाग घट्ट राहतो. मधे पीठ दाबून पुन्हा वळतात, तेही मोठे बुडबुडे मोडून त्यांचे अनेक लहान करायलाच.

आता तुमचे पाव का बसले ते बघू. दीड तास आणि वर एक तास, ही वेळ बहुधा 24-25 अंशांच्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेली असते. रत्नागिरीत उन्हाळ्यात घरात 32-33 सहज असतं. या टप्प्यात यीस्टचा वेग दहा अंशांमागे ढोबळमानाने दुप्पट होतो. म्हणजे तुमच्या अडीच तासांत पिठाने थंड गावातल्या चार-साडेचार तासांचं काम उरकलं. बुडबुड्यांच्या भिंती ताणून पातळ झाल्या, शेजारचे बुडबुडे एकमेकांत फुटले, आंबट आम्लं साठली आणि बरीच साखर संपली. साखरच उरली नाही, तर वरून तांबूस रंग कुठून येणार?

भट्टीत पहिल्या काही मिनिटांत पाव आणखी फुलतो. उष्णतेने वायू प्रसरण पावतो, पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, अल्कोहोल आणि पाण्याची वाफ होते. यीस्टही शेवटची धाव घेऊन साधारण 55-60 अंशांच्या आसपास मरतं. त्यानंतर स्टार्च फुगून आणि ग्लुटेन घट्ट होऊन पावाचा आकार पक्का होतो. भिंती तोवर टिकल्या पाहिजेत. तुमच्या आधीच संपल्या होत्या.

पुढच्या वेळी अर्धा किलो मैद्याला 5 ग्रॅमऐवजी 3 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट घ्या आणि फ्रीजमधलं थंड पाणी वापरा, कारण मळतानाही पीठ तापतं. मीठ 9-10 ग्रॅम असू द्या. ते यीस्टला आवर घालतं, चवीच्या नादात कमी करू नका. पीठ भिजल्यावर लिंबाएवढा गोळा सरळ काचेच्या ग्लासात दाबून बसवा, पातळीवर रबरबँड लावा आणि ग्लास मुख्य पिठाशेजारीच ठेवा. ग्लासात दुप्पट झालं की पहिली पाळी संपली, मग घड्याळात पन्नास मिनिटं झालेली असोत की ऐंशी.

वळलेल्या पावांना मात्र बोटानेच विचारायचं. बोट कोरड्या मैद्यात बुडवून पावावर अर्धा सेंटीमीटर दाबा. खळगा झटकन भरला तर अजून थांबा. सावकाश आणि अर्धवट भरला तर लगेच भट्टीत घाला. भरलाच नाही तर पाव भाजू नका. दाबून वायू काढा, पुन्हा वळा आणि अर्ध्या तासाच्या आतच तपासत राहा. मामाने त्या दिवशीच्या उरलेल्या ट्रेचं तेच केलं. ते पाव थोडे बुटके आणि आंबट झाले, पण बसले नाहीत, आणि उसळीबरोबर खपलेही.