एक शून्य जास्त पडलं

परभणीत कृषी सेवा केंद्रावर ८५० ऐवजी ८५०० रुपये यूपीआयनं गेले. परत मिळतील का?

मिळतील, पण दुकानदार तयार असेल तर. पिन टाकून गेलेला पैसा बँक एकतर्फी ओढून आणत नाही. आजच दुकानावर जा, पावती अन् मोबाईलमधला व्यवहार शेजारी ठेवा. ७६५० रुपयांचा फरक लगेच दिसतो. ओळखीचं दुकान असेल तर तिथंच मिटतं, बहुतेकदा.

टाळाटाळ झाली तर व्यवहाराचा बारा आकडी यूटीआर नंबर लिहून आपल्या शाखेत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. बँक समोरच्या बँकेमार्फत विचारणा करते. दुकानदाराची संमती मात्र लागतेच. आणि हो, पैसे परत घेताना पिन टाकायचा नसतो. कुणी मागितला तर फोन ठेवून द्या.