रांजणवाडी: फोडू नका, शेक मात्र नीट घ्या

प्रश्न: "डाव्या डोळ्याच्या वरच्या पापणीच्या कडेला परवापासून लाल गाठ आलीय, हात लागला तरी ठणकते. टोकाला पिवळट दिसतंय. आई म्हणते लवंग उगाळून लाव, मेडिकलवाल्याने ड्रॉप दिलेत. फोडली तर लगेच बरं वाटेल का? शेक घेतला, पण काही फरक नाही."

ग्रामीण रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी म्हणून बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे या गाठी रोजच्याच. तुमच्या वर्णनावरून ही रांजणवाडी वाटते. फोडू नका, लवंग लावू नका, आणि ड्रॉपची बाटली आधी नीट वाचा, त्याबद्दल पुढे सांगतो. शेकाचा उपयोग होत नाही असं तुम्हाला वाटतंय, पण बहुतेक लोक जो घेतात तो शेक नसतोच.

पापणीच्या कडेला दोन ठिकाणी तेल तयार होतं. एक, पापणीच्या केसांच्या मुळाशी असलेल्या बारीक ग्रंथींमध्ये. दुसरं, पापणीच्या आतल्या घट्ट पट्टीत उभ्या रांगेने बसलेल्या मायबोमियन ग्रंथींमध्ये. या वरच्या पापणीत साधारण २५ ते ४० असतात, खालच्या पापणीत थोड्या कमी. त्यांची तोंडं केसांच्या रांगेच्या किंचित मागे, डोळ्याच्या बाजूला उघडतात. पापणी मिटली की दाब पडून थेंबभर तेल बाहेर येतं आणि अश्रूंवर पातळ थर पसरतो, म्हणून डोळा लवकर कोरडा पडत नाही.

हे तेल पापणीच्या उबेने पातळ राहतं. ते घट्ट झालं, किंवा तोंडाशी कातडीच्या मृत पेशी साचल्या, की थंडीत डब्यातलं तूप गोठावं तसं ते आत अडकतं. मागून तेल तयार होतच राहतं आणि ग्रंथी फुगते. आपल्या कातडीवर आणि पापणीच्या कडेला स्टॅफिलोकोकस जातीचे जंतू एरवीही असतातच, कुणाला त्रास न देता. साचलेल्या तेलात त्यांना जागा मिळाली की शरीर पांढऱ्या पेशी पाठवतं, सूज येते, पू होतो, आणि ठणका सुरू होतो. म्हणजे जंतू बाहेरून आला म्हणून गाठ झाली असं बहुधा नसतं. आधी तोंड बंद झालं, मग जंतूला संधी मिळाली. म्हणूनच तोंड उघडणं हा पहिला उपचार.

आरशासमोर उभं राहून बघा. पिवळा ठिपका अगदी एखाद्या केसाच्या मुळाशी असेल, तर बाहेरची रांजणवाडी. ही लवकर तोंड करते आणि बहुतेक वेळा आठवडाभरात आपसूक निचरून जाते. कडेवर ठिपका नाही, पण पापणी जरा वर सुजली आहे आणि एकाच जागी बोट लावलं की कळ जाते, तर आतली मायबोमियन ग्रंथी धरली आहे. तिला जास्त दिवस लागतात. पापणी उलटवून आतलं बघायचा प्रयत्न स्वतः करू नका. तुमचं वर्णन पहिल्या प्रकाराकडे जातं.

आता शेक. तुम्ही काय केलंत? रुमाल तव्यावर गरम करून दोनतीनदा डोळ्याला लावलात? किंवा तळहातावर बोट घासून टेकवलंत? तेवढ्याने कातडीचा वरचा थर उबदार होतो, आतलं तेल जागचं हलत नाही. स्वच्छ सुती रुमाल कोमट-गरम पाण्यात बुडवून पिळा. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघा, सहन होईल इतकंच गरम हवं, चटका नको. डोळा मिटून तो पापणीवर टेकवा. रुमाल मिनिट-दोन मिनिटांत गार पडतो, इथेच लोक थांबतात. तो परत बुडवायचा, परत पिळायचा, अशी सगळी मिळून दहा मिनिटं गेली पाहिजेत. दिवसातून चार वेळा. पाणी थर्मासमध्ये भरून जवळ ठेवलंत तर प्रत्येक वेळी गॅसकडे उठावं लागत नाही.

शेकानंतर लगेच, पापणी उबदार असतानाच, हात साबणाने धुऊन बोटाने हलकेच मालिश करा. वरची पापणी असेल तर वरून खाली केसांकडे, खालची असेल तर खालून वर. दिशा महत्त्वाची आहे, कारण ग्रंथी त्या दिशेने उघडते. जोर लावायचा नाही, दुखायला लागलं की थांबायचं. मग पिवळ्या टोकातून पू आपणहून निघाला तर ओल्या कापसाने पुसून घ्या आणि तो कापूस फेकून द्या. टॉवेल वेगळा ठेवा, आणि बरं होईपर्यंत काजळ, आयलायनर आणि कॉन्टॅक्ट लेन्स बाजूला.

फोडण्याबद्दल. पापणीचं कातडं शरीरातलं सर्वांत पातळ आहे आणि त्याखालची जागा सैल आहे. दोन नखांत धरून दाबलं की पू बाहेर येण्याऐवजी आजूबाजूला पसरतो. खालच्या पापणीची गाठ अशी पिळून आलेला एक मुलगा आठवतो. सकाळी आला तेव्हा अर्धा गाल सुजलेला होता आणि डोळा उघडत नव्हता. गोळ्या सुरू कराव्या लागल्या, नाहीतर त्याचं काम नुसत्या शेकावर भागलं असतं. लवंगेचं म्हणाल तर तिच्या तेलाने कातडी भाजते आणि कण डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. आईंना राग येणार असेल तर शेकाचं काम त्यांच्याकडेच द्या, दहा मिनिटं न चुकता त्याच बसवतील.

ड्रॉपच्या बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन असं काही लिहिलंय का बघा. ती स्टेरॉइड आहेत. डॉक्टरांनी तपासल्याशिवाय घालू नका, कारण काहींच्या डोळ्यातला दाब त्यांनी वाढतो आणि काही जंतुसंसर्ग चिघळतात. नुसतं अँटिबायोटिक असेल तर सहसा अपाय नाही, पण बंद ग्रंथीच्या आत ते फारसं पोहोचतही नाही.

असा शेक घेऊनही दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. सूज पापणीभर पसरली, ताप आला, डोळा फिरवताना दुखलं, एकाचे दोन दिसू लागले, नजर अंधुक झाली किंवा डोळा पुढे आल्यासारखा वाटला तर मात्र वाट बघू नका, त्याच दिवशी जा. तो संसर्ग डोळ्याच्या खोबणीत उतरल्याची शंका असते.

पुढे असंही होतं की ठणका जातो, लाली जाते, पण वाटाण्याएवढी न दुखणारी गाठ राहते. ते अडकलेलं तेल असतं, आता त्यात जंतू नसतात, त्यामुळे अँटिबायोटिकचा उपयोग नाही. शेक-मालिश काही आठवडे चालू ठेवा. नाहीच गेली तर भूल देऊन आतल्या बाजूने छोटासा उभा छेद घेऊन ती साफ करतात. उभा, कारण ग्रंथी उभ्या आहेत आणि आडवा छेद शेजारच्या कापेल.

पुन्हा पुन्हा रांजणवाडी येत असेल तर रक्तातली साखर तपासून घ्या आणि सकाळी पापण्यांच्या कडेला कोंडा, चिकटपणा दिसतो का बघा. साठीच्या पुढच्या माणसाला गाठ त्याच जागी परत परत येत असेल, किंवा तिथले केस झडत असतील, तर साधी रांजणवाडी म्हणून सोडू नका. तेलग्रंथीचा कर्करोग असाच दिसतो, आपल्याकडे तो आढळतोही, आणि त्याचा उलगडा तुकडा तपासूनच होतो.