फोन चार्जिंगला राहिला म्हणून फोटो अडकले

प्रश्न: मी गेल्यावर माझे फोटो आणि मेल घरच्यांना मिळावेत असं वाटतं. माझं जीमेल आहे, बायकोकडे आयफोन आहे. तो ‘लेगसी कॉन्टॅक्ट’, म्हणजे आपल्यामागे डेटा ज्याला मिळावा तो माणूस, लावून ठेवला की काम झालं का?

उत्तर:

अर्धं झालं. उरलेलं अर्धं घरच्यांच्या हातात असतं आणि गोंधळ तिथेच होतो. तुमचं खातं आणि वहिनींचं खातं अगदी उलट रीतींनी चालतं. गूगलला तुम्ही गेलात हे कुणी सांगावं लागत नाही, ते तुमच्या खात्यात किती दिवस सामसूम आहे तेवढंच मोजतं. अ‍ॅपल काहीच मोजत नाही, ते आधी तयार करून ठेवलेली डिजिटल चावी आणि मृत्यूचा दाखला मागतं. त्यामुळे एकीकडे घरच्यांनी काही करायचं नसतं आणि दुसरीकडे त्यांनी केल्याशिवाय काही होत नाही.

आधी गूगलचं, कारण आमच्या घरी गाडी तिथेच अडली. तिथे एक मुदत आणि एक माणूस ठरवून ठेवता येतो: तेवढी मुदत खात्यात सामसूम राहिली की त्या माणसाला मेल जातो.

माझा मामा याबाबतीत शहाणा होता. त्याने सगळं नीट लावलं होतं, मुदत सहा महिन्यांची आणि नाव मामेभावाचं. मामा जानेवारीत गेला. म्हणजे जुलैत मामेभावाला मेल यायला हवा होता. ऑक्टोबर उजाडला तरी पत्ता नाही. त्याने मला विचारलं, तेव्हा मी गेलो आणि पाहिलं तर मामाचा फोन टीव्हीशेजारी चार्जरला लावलेला. लॉक कुणालाच ठाऊक नव्हतं, पण अधूनमधून कुणा जुन्या ओळखीच्या माणसाचा फोन यायचा आणि तो लॉक न उघडता घेता येतो, म्हणून मामीने तो कधी बंदच होऊ दिला नाही. शिवाय हॉलमधल्या टीव्हीवर यूट्यूब चालायचं ते मामाच्याच खात्यावर. रोज संध्याकाळी भजनं.

आता गूगल ‘हालचाल’ कशाला म्हणतं ते पाहा: खात्यात शेवटचं लॉगिन कधी झालं, My Activity मध्ये अलीकडची नोंद आहे का, जीमेल वापरलं गेलं का आणि अँड्रॉइड फोन गूगलशी अधूनमधून स्वतःहून संपर्क साधतो तो साधतोय का. फोन कुणी हातात घेतला नाही तरी तो चालू आणि नेटला जोडलेला असला की ही शेवटची गोष्ट होत राहते. थोडक्यात, गूगलच्या लेखी मामा ठणठणीत होता आणि रोज भजनं ऐकत होता.

फोन बंद केला, टीव्हीवरून खातं काढलं. मोजणी शेवटच्या हालचालीपासून सुरू होते, मामा गेला त्या दिवसापासून नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात फोन बंद झाला, मेल आला एप्रिलमध्ये. जे काम सहा महिन्यांत व्हायचं त्याला पंधरा लागले, तेही वेळीच लक्षात आलं म्हणून.

लावायचं कसं, तर myaccount.google.com/inactive उघडा. या सोयीचं नाव Inactive Account Manager. ती 2013 पासून आहे, पण मी विचारलं त्या दहातल्या नऊ जणांनी हे नाव ऐकलेलं नव्हतं. पहिला प्रश्न मुदतीचा: 3, 6, 12 किंवा 18 महिने. अनेकजण घाबरून 18 निवडतात. मला ते पटत नाही. दीड वर्षात घरच्यांचे मेल पत्ते, फोन नंबर बदलतात आणि मेल येणार आहे हेच लोक विसरतात. तीन महिनेही नकोत, लांबचं आजारपण किंवा इस्पितळातला मुक्काम तेवढा सहज होतो. सहा ठीक.

पुढे तुमचा मोबाईल नंबर आणि मेल पत्ता द्यायचा. मुदत संपायच्या महिनाभर आधी गूगल तुम्हालाच इशारा देतं, की बाबा, आहेस का? इथे आणखी एक खड्डा आहे. घरात कुणाला तुमचा पासवर्ड माहीत असेल, तो इशारा दिसला म्हणून त्याने खातं उघडून पाहिलं, की मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

मग माणसं निवडायची, दहापर्यंत. प्रत्येकाला काय द्यायचं ते वेगवेगळं ठरवता येतं आणि हा या सोयीतला सर्वात चांगला भाग. बायकोला फोटो आणि ड्राइव्ह, भावाला फक्त ‘हा आता नाही’ एवढी सूचना, मेल कुणालाच नाही, असंही चालतं. (मेल द्यायचे की नाही यावर मी बराच वेळ घालवला. नाही दिले.) ज्याला डेटा द्यायचा त्याचा मोबाईल नंबर लागतो, कारण पुढे त्याच नंबरवर कोड येतो आणि तो टाकल्याशिवाय काही उतरवता येत नाही. त्याने नंबर बदलला आणि तुम्ही इथे दुरुस्त केला नाही, तर नाव बरोबर असूनही तो दाराबाहेरच. आणि तुम्ही त्याला निवडलंय हे गूगल त्याला आत्ता कळवत नाही. तुम्हीच सांगायचं.

हिशेब एकदा तारखांनी मांडतो. मुदत सहा महिने, शेवटची हालचाल 10 जानेवारी. साधारण 10 जूनला तुम्हाला इशारा. 10 जुलैला निवडलेल्या माणसाला मेल, त्यात तुम्ही आधी लिहून ठेवलेला मजकूर आणि डाउनलोडची वाट. तिथून तीन महिने, म्हणजे 10 ऑक्टोबरपर्यंत सगळं उतरवून घ्यायचं. त्यानंतर खातं आपोआप पुसायचं का, हे तुम्ही आधी ठरवलेलं असतं. मी ‘पुसा’ निवडलेलं नाही. पण म्हणून फोटो कायम तिथेच राहतील असंही समजू नका. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकायला गूगलने डिसेंबर 2023 पासून सुरुवात केली आहे.

त्या माणसाला मिळते ती डेटाची प्रत. तुमचा पासवर्ड नाही, तुमच्या नावाने मेल पाठवायची सोय नाही. फोटो खूप असतील तर उतरवायला दिवस लागतात आणि जागाही तेवढी मोकळी लागते, म्हणून तीन महिने ऐकायला भरपूर वाटले तरी शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये.

आता वहिनींचा आयफोन. तिथे Settings मध्ये सर्वात वर स्वतःचं नाव, मग Sign-In & Security, मग Legacy Contact. फोनमध्ये iOS 15.2 किंवा त्यापुढचं हवं, जुन्या आवृत्तीत हे नाहीच. पाच माणसं नेमता येतात आणि त्यांच्याकडे आयफोन असलाच पाहिजे असं नाही. तुमच्याकडे अँड्रॉइड असला तरी वहिनी तुम्हाला नेमू शकतात. नेमलं की एक चावी तयार होते, Access Key. क्यूआर कोडसकट तिचा कागद छापता येतो. पुढे कधी वेळ आली तर ती चावी आणि मृत्यूचा दाखला घेऊन digital-legacy.apple.com वर अर्ज करायचा. दोन्ही लागतं.

या कागदाचं लोक काय करतात? स्क्रीनशॉट काढतात आणि त्याच फोनमध्ये ठेवतात! कुलपाची किल्ली कुलूपबंद कपाटात. छापा आणि मालमत्तेचे कागद जिथे असतात तिथे ठेवा. नंतर वहिनींनी तुमचं नाव यादीतून काढलं तर ती चावी निकामी होते. पुन्हा नेमलं तर नवा कागद छापा आणि जुना फाडून टाका, नाहीतर ऐनवेळी चुकीचाच हाती येतो.

पाच नेमता येतात म्हणून पाच नेमू नका. त्यांच्यातला कुणीही एक जण, बाकीच्यांना न विचारता, सगळा डेटा कायमचा पुसू शकतो. भावाबहिणींत आधीच कुरबुर असेल तर हे ध्यानात घ्या. मुदत तीन वर्षांची आहे, पहिला अर्ज मंजूर झाल्यापासून. मग खातं कायमचं जातं.

यात फोटो, मेसेज, नोट्स, फाइली, बॅकअप येतात, पण आयक्लाउडवर असतील तेवढेच. वहिनींनी जागा भरली म्हणून फोटोंचं आयक्लाउड बंद केलं असेल, तर नेमणूक चोख असूनही हाती पडेल ती त्या दिवसापर्यंतचीच पुंजी. त्या फोनवरचे नंतरचे फोटो, पासकोड माहीत नसेल तर, गेले. हे आज तपासता येतं: ब्राउझरमधून icloud.com वर जाऊन गेल्या आठवड्यातला एखादा फोटो दिसतो का पाहा. साठवलेले पासवर्ड आणि विकत घेतलेले चित्रपट, गाणी, पुस्तकं यातलं काहीच मिळत नाही.

फेसबुकवरही लेगसी कॉन्टॅक्ट असतो, पण नाव तेच, काम वेगळं. तो एकच माणूस तुमचं स्मृतीखातं सांभाळतो: वर एखादी पोस्ट लावतो, फोटो बदलतो, खातं काढून टाकायची विनंती करतो. तुमचे मेसेज त्याला वाचता येत नाहीत. फोटोंसाठी त्याच्यावर विसंबू नका.

मामाच्या प्रकरणानंतर मी बायकोसाठी एक चिठ्ठी लिहून तिच्या पासपोर्टात ठेवली. तीच देतो, नावं बदलून वापरा:

‘बँकेचे ओटीपी येतील म्हणून माझं सिम काढून जुन्या साध्या फोनमध्ये घाल. माझा फोन बंद करून कपाटात ठेव, चार्जिंगला लावू नकोस. टीव्ही, टॅब, लॅपटॉप, जिथे जिथे माझं खातं आहे तिथून काढ. माझ्या पासवर्डने कुठेही शिरू नकोस. सहा महिन्यांनी तुला “घरचे फोटो” या विषयाचा मेल येईल, स्पॅमही बघत जा. तो खराच आहे, मीच लिहिलाय. तोवर तुझा नंबर बदलू नकोस.’