गाडीचं नाव आधी ओरडून बघ

तुझ्या खाण्याच्या गाडीला हाक मारता येईल असं गमतीदार नाव हवंय ना? तू सुचवलेलं ‘स्वादगंध’ कागदावर छान दिसतं, पण गर्दीत ते ऐकू येणार नाही. शेवटी ‘ध’ आहे. हाक लांबवायला तिथे स्वरच नाही, आणि विनोदही नाही. ‘गट्टम’ गमतीदार आहे खरं, पण ‘म’ला तोंडच मिटतं आणि आवाज नाकात दबतो. आ, ए, ओ असा मोकळा स्वर शेवटी असेल, तर हाक हवी तेवढी ताणता येते.

मग ‘हादडा’? शेवट उत्तम आहे, पण सुरुवातीचा ‘ह’ नुसता श्वास. गोंगाटात ‘आदडा’ ऐकू येईल.

मला ‘ढेकर दे’ आवडलं. ‘ढ’ ठणकन आदळतो, ‘देऽऽ’ लांबतं, आणि हसू यायला पाटी वाचावी लागत नाही. ‘चापा’ मात्र टाळ, लोक ‘छापा’ ऐकतील!

पाटी रंगवण्याआधी एक कर. गर्दीच्या वेळी वीस पावलांवरून मित्राला एकदाच ओरडायला सांग आणि नाव माहीत नसलेल्या पाच जणांना एकेक करून विचार, काय ऐकलंस? पाचपैकी चौघांनी बरोबर सांगितलं तरच ते ठेव. आणि तेलकट हातांनी दिवसभर तूच ओरडणार आहेस, तेव्हा पन्नास वेळा म्हणूनही बघ.