फी सोडून शाळेला किती जातात?

प्रश्न : मुलगी तिसरीत आहे. फी सोडून वर्षाला पंधराएक हजार लागतात असं मी धरून चालते, पण दिवाळीपर्यंतच ते संपतात. चुकतंय कुठे? – एक आई, पुणे

पंधरा हजार हा बहुधा तुमचा एकट्या जूनचा आकडा असावा. तोच लक्षात राहतो, कारण तेव्हा खिशाला चटका बसतो.

माझ्याकडे आलेल्या एका घराचा हिशेब सांगते. मूल तिसरीतलंच. गणवेशाचे दोन जोड २,२००, पीटीचा ९००, काळे बूट आणि पांढरे कॅनव्हास मिळून १,५००. पुस्तकं-वह्या ५,२००. बसचे पहिले तीन महिने ५,४००. म्हणजे जूनमध्येच १५,२००. त्यांनी वर्षाचा अंदाज इथेच थांबवला होता. पुढे बसचे उरलेले सात महिने १२,६०० झाले. मग सहल १,५००, स्नेहसंमेलनाचा भाड्याचा पोशाख ८००, स्पर्धा परीक्षा ४००, वर्गाचा फोटो ३०० आणि प्रकल्पाचे कार्डशीट-थर्माकोल वगैरे १,०००. बेरीज ३१,८००, म्हणजे महिना २,६५०.

शेवटचे चार हजार कुठल्याच पावतीवर एकत्र दिसत नाहीत. म्हणून गेल्या जूनपासून मेपर्यंतचे यूपीआयचे व्यवहार आणि शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरच्या सूचना शेजारी ठेवून बघा. रोखीने दिलेले शंभर-दोनशे त्या सूचनांतच सापडतात. दप्तर दोन वर्षं टिकत असेल, तर निम्मीच किंमत धरा. बुटांना मात्र ही सवलत नाही, पाय वाढतातच! गणवेशाचा दुसरा जोड दिवाळीनंतर घेतला तर मापही बरोबर बसतं.

प्रश्न : शाळेची बस महिना १,८००, व्हॅनवाले काका १,६०० म्हणतात. व्हॅन स्वस्त ना? – एक बाबा, नाशिक

काका किती महिन्यांचे घेणार, ते आधी विचारा. बस दहा महिन्यांची असेल तर वर्षाला १८,०००. व्हॅनवाले मे महिन्यासह बाराही महिन्यांचे घेत असतील तर १९,२००. पहिली ते पाचवीला शिक्षण हक्क कायद्याने वर्षाला किमान २०० दिवस शाळा भरायला हवी. तेवढेच धरले तर बस दिवसाला ९० आणि व्हॅन ९६ रुपयांना पडते. मध्येच सोडली तर उरलेले पैसे परत मिळतात का आणि डिझेल वाढलं की भाडं वाढवतात का, हेही पैसे देण्याआधीच ठरवून घ्या. शिवाय व्हॅनला शालेय वाहतुकीचा परवाना आहे का, तेही बघा. तो नसेल तर मी स्वस्त-महागाची तुलनाच करणार नाही.

प्रश्न : बस आणि गणवेशाच्या पावत्या करात दाखवता येतात का?

नाही. जुन्या करप्रणालीत फक्त शिकवणी शुल्काची वजावट मिळते. तीही दोनच मुलांसाठी आणि पीपीएफ, विमा धरून एकूण दीड लाखाच्या मर्यादेत. देणगी आणि विकास निधी त्यात बसत नाहीत. शाळेची पावती सगळं मिळून एकाच आकड्याची असेल, तर शिकवणी शुल्क वेगळं दाखवलेला दाखला कार्यालयातून मागून घ्या.